आपल्या हातात काय आहे?

प्रश्न : माझे सासरे 78 वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर गावचं घर सोडून ते आमच्याकडे राहायला आले. बीपी आहे, पण 'जे व्हायचं ते होणारच' असं म्हणून गोळ्या टाळतात. मुलगा नववीत आहे. मार्क कमी पडले की 'पेपरच कठीण होता', 'बाईंनी नीट तपासलं नाही' ही उत्तरं ठरलेली. परवा शाळेतल्या पालकसभेत एका समुपदेशकांनी सांगितलं की, ज्यांना 'सगळं माझ्या हातात आहे' असं वाटतं ते लोक निरोगी राहतात आणि अभ्यासातही पुढे जातात. हे खरं आहे का? आणि असेल तर असं वाटायला लावता येतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर 'बऱ्याच अंशी हो' असं आहे. दुसऱ्याच्या उत्तरासाठी मात्र जरा सावकाश जावं लागेल, कारण नुसतं तसं वाटायला लावण्याचे परिणाम कधी कधी वाईटही झालेले आहेत.

ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांची. 1966 मध्ये त्यांनी 29 जोड-विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. बहुतेक जोड्यांमधलं एक विधान असं की, माणसाला जे मिळतं ते त्याच्या वागण्यामुळे मिळतं. दुसरं असं की, ते नशिबाने, परिस्थितीने किंवा मोठ्या लोकांच्या मर्जीने ठरतं. दोन्हींपैकी जास्त पटेल ते निवडायचं. त्यावरून त्या माणसाच्या मते नियंत्रणाची जागा स्वतःच्या आत आहे की बाहेर, याचा अंदाज बांधायचा. याला 'लोकस ऑफ कंट्रोल' म्हणतात. पुढे हॅना लेव्हन्सन यांनी 'बाहेर'चे दोन भाग केले : एक नशीब, दुसरा आपल्यावर सत्ता असलेली माणसं. हा फरक तुमच्या घरातही दिसतो आहे. सासरेबुवा नशिबाचं नाव घेतात, मुलगा बाईंचं.

आरोग्याशी याचा संबंध दाखवणारा एक चांगला पुरावा ब्रिटनमधला आहे. तिथे 1970 साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा होत राहिला. ती दहा वर्षांची असताना त्यांना अशीच एक प्रश्नावली दिली होती. त्यातली साडेसात हजारांहून अधिक मुलं तिशीत आल्यावर त्यांचं वजन आणि प्रकृती पाहिली. 'माझ्या करण्याने फरक पडतो' असं दहाव्या वर्षी मानणाऱ्यांमध्ये तिशीत लठ्ठपणा, मानसिक ताण आणि 'तब्येत बरी नसते' ही तक्रार कमी आढळली. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

तरीही अशा पाहणीतून एक शंका राहतेच. ज्या घरात मुलाच्या शब्दाला किंमत असते, हातात चार पैसे असतात, त्या घरातल्या मुलाला आपल्या करण्याने फरक पडतो असं वाटणारच, आणि त्याची तब्येतही बरी राहणार. मग तब्येत सुधारली ती वाटण्यामुळे की घरामुळे? हे कळायला प्रयोग करावा लागतो. असा एक प्रयोग एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केला. तुमच्या सासऱ्यांच्या संदर्भात तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात आर्डन हाउस नावाचा वृद्धांचा निवास होता. त्याचे दोन मजले निवडले. राहणारे 65 ते 90 वयाचे, दोन्हीकडची सोय आणि देखभाल सारखीच. एका मजल्यावर व्यवस्थापकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं की, खोलीतलं सामान कसं लावायचं, वेळ कसा घालवायचा, कुणाकडे जायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. काही आवडलं नाही तर आम्हाला सांगा. मग कुंड्यांतली रोपं पुढे केली : हवं असेल तर एक निवडा आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आणि शुक्रवारी सिनेमा आहे, कोणत्या दिवशी जायचं किंवा जायचंच नाही, तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावरचं भाषणही तितकंच प्रेमळ होतं, पण त्याचा रोख वेगळा होता. तुम्हाला इथे सुखी ठेवणं ही आमची जबाबदारी आहे, असं तिथे सांगितलं. रोप हातात दिलं, पण पाणी परिचारिका घालतील म्हणाले. सिनेमाचा दिवस कळवला जाईल, असंही सांगितलं.

तीन आठवड्यांनी परिचारिकांनी प्रत्येकाबद्दल मत नोंदवलं. प्रयोग कशाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या 93 टक्के लोकांमध्ये एकूण सुधारणा दिसली. दुसऱ्यावरचे 71 टक्के लोक आधीपेक्षा खालावले होते. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या मजल्यावरचे 47 पैकी 7 जण गेले होते, दुसऱ्यावरचे 44 पैकी 13.

हे शेवटचे आकडे व्याख्यानांतून फार फिरतात. पण त्या गणितात चूक होती आणि संशोधकांनीच ती पुढे जाहीर केली. दुरुस्तीनंतर मृत्यूंमधला फरक योगायोगाने पडलेला नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय माणसं एकेक करून नाही तर अख्खे मजले निवडले होते, त्यामुळे एखाद्या मजल्यावरच्या वातावरणाचाही भाग असू शकतो. म्हणून 'रोपाला पाणी घालून आयुष्य वाढतं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लोक जास्त बोलते झाले, हिंडू-फिरू लागले, टवटवीत दिसू लागले, हा भाग जास्त भरवशाचा आहे.

तुम्हाला खरं सांगायचं आहे ते याच सुमाराच्या दुसऱ्या एका प्रयोगाबद्दल. रिचर्ड शुल्झ यांनी वृद्धांच्या एका निवासात कॉलेजचे विद्यार्थी भेटीला पाठवले. काही वृद्धांना विद्यार्थी केव्हा यावा आणि किती वेळ बसावा हे ठरवू दिलं. काहींना भेट केव्हा होणार ते आधी कळत असे, पण ठरवता येत नसे. काहींकडे विद्यार्थी न सांगता येत, आणि काहींकडे कुणीच जात नसे. पहिले दोन गट आनंदी आणि तब्येतीने बरे दिसू लागले. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढच्या काळात या लोकांची चौकशी केली तेव्हा दिसलं की, ज्या दोन गटांना सर्वांत जास्त फायदा झाला होता तेच सर्वांत जास्त घसरले होते. बाकीचे जिथे होते तिथेच राहिले. हातात दिलेला ताबा काढून घेतला की माणूस पूर्वीपेक्षाही खाली जातो, असा इशारा या प्रयोगाने दिला.

दुसरा धोका ताब्याच्या कल्पनेतच आहे. शेरमन जेम्स या साथरोगतज्ज्ञांना उत्तर कॅरोलायनामध्ये जॉन हेन्री मार्टिन नावाचे वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्यांच्या जमिनीवर राबणाऱ्या घरात जन्मलेल्या या माणसाने 75 एकर जमीन कर्ज काढून घेतली. फेडायला 40 वर्षांची मुदत होती, यांनी रात्रंदिवस राबून पाच वर्षांत कर्ज फेडलं. मनाने घेतलं तर माणूस काय करू शकतो याचं हे उदाहरण, पण पन्नाशीत त्यांना उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटाचा इतका गंभीर अल्सर होता की जठराचा मोठा भाग काढावा लागला. जेम्स यांनी मग तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी केली. 'जिद्दीने भिडलं की होतंच' असं ठामपणे मानणारे, पण शिक्षण कमी आणि साधनं तोकडी, अशा पुरुषांमध्ये रक्तदाब सर्वांत जास्त निघाला. तीच जिद्द असून शिक्षण बरं असलेल्यांमध्ये तसं नव्हतं. म्हणून 'सगळं माझ्या हातात आहे' हे वाक्य मला घातक वाटतं. जे हातात नाही त्याचाही दोष माणूस स्वतःला देत राहतो.

अभ्यासाबद्दलही हेच. 1966 मध्येच समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. अमेरिकेतल्या हजारो शाळांमधली सहा लाखांच्या आसपास मुलं त्यात होती. कष्टापेक्षा नशीब मोठं वाटतं का, पुढे जायला लागलं की कुणीतरी आडवं येतं असं वाटतं का, असे दोन-तीन प्रश्न त्यांना विचारले होते. मुलांच्या गुणांशी या उत्तरांचं जितकं नातं निघालं, तितकं शाळेच्या इमारतीचं, प्रयोगशाळेचं, ग्रंथालयाचं, या सगळ्यांचं मिळूनही निघालं नाही. अल्पसंख्य समाजातल्या मुलांत हे विशेष दिसलं. पण ज्यांच्यासमोर दारं खरोखरच बंद होती, त्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये 'माझ्या हातात आहे' म्हणणारी कमी होती. ती मुलं चुकीचं काही सांगत नव्हती. शिवाय चांगले गुण मिळत गेले की हाताला यश येतं असं वाटू लागतं, हेही तितकंच खरं आहे. नातं दोन्ही बाजूंनी चालतं.

आता तुमच्या घराकडे येतो. सासऱ्यांना 'गोळ्या घेणं तुमच्या हातात आहे' असं सांगून उपयोग नाही. गावचं घर सुटल्यावर त्यांच्या हातात नक्की काय उरलं, ते आधी पाहा. जेवणाची वेळ, टीव्हीवर काय लावायचं, बाजारातून काय आणायचं, डॉक्टरांशी कुणी बोलायचं, हे सगळं आता तुम्ही ठरवता का? बीपीचं यंत्र त्यांच्याकडे द्या. सकाळचा आकडा त्यांनीच वहीत लिहावा, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर वही त्यांनीच दाखवावी, तुम्ही मध्ये बोलू नये. गोळीशी आकड्याचं नातं त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं तर 'होणारच' या म्हणण्याला जरा तरी धक्का बसेल. मात्र गोळ्या खरोखर घेतल्या जातात की नाही याकडे लांबून लक्ष असू द्या, बीपी ही प्रयोगाची वस्तू नाही. आणि जे काम द्याल ते चार महिन्यांनी सोयीसाठी परत घेऊ नका. शुल्झ यांचे वृद्ध लक्षात ठेवा.

मुलाला 'बाईंना दोष देऊ नकोस' असं म्हणण्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका त्याच्यासोबत बसून उघडा. गेलेला प्रत्येक गुण कशाने गेला ते त्यालाच चार रकान्यांत लिहू द्या : आलं नाही, येत होतं पण वेळ संपला, प्रश्न नीट वाचला नाही, की बाईंचं तपासणं खरंच चुकलं. शेवटच्या रकान्यात दोन गुण निघाले तर ते मान्य करा आणि त्याने स्वतः जाऊन बाईंना विचारावं. मग उरलेल्यांपैकी एकच रकाना पुढच्या चाचणीसाठी निवडायला सांगा. वेळेचा निवडला तर घड्याळ लावून जुना पेपर सोडवता येतो, आणि तीन आठवड्यांत त्या रकान्यातले आकडे कमी झाले की नाही ते त्याला त्याचंच कळतं. नसतील झाले, तर अडचण दुसऱ्या रकान्यात असेल, कदाचित धडाच समजलेला नसेल. तेव्हा शिकवणाऱ्या माणसाची मदत घ्यावी.