निकालाचा दिवस आणि चॅटबॉटची भारचाचणी

महाराष्ट्रात माध्यमिक शालान्त परीक्षेस दरवर्षी सुमारे १६ लाख विद्यार्थी बसतात. नऊही विभागीय मंडळांचा निकाल एकाच दिवशी आणि एकाच वेळी जाहीर होतो. अलीकडील वर्षांत ही वेळ साधारणपणे दुपारी १ ची असते आणि ती अगोदरच सर्वांना कळविलेली असते. त्यामुळे लाखो घरांतील माणसे हातात मोबाइल घेऊन घड्याळाकडे पाहत बसलेली असतात. १६ जुलै २०२१ रोजी, करोनाच्या साथीमुळे परीक्षा न घेता अंतर्गत मूल्यमापनावर तयार केलेला दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडू शकली नाहीत. त्या वर्षी निकाल तयार होता. तो मागणाऱ्यांची गर्दी मात्र यंत्रणेला पेलली नाही.

निकाल संकेतस्थळाऐवजी चॅटबॉटमार्फत, म्हणजे संदेशाला आपोआप उत्तर देणाऱ्या संवादयंत्रणेमार्फत दिला, तरी ही अडचण आपोआप दूर होत नाही. उलट थोडी वाढते. संकेतस्थळावर एकदा माहिती भरली की काम संपते. चॅटबॉटशी मात्र संभाषण करावे लागते: प्रथम नमस्कार, मग बैठक क्रमांक, मग आईचे नाव आणि शेवटी गुण. अशी यंत्रणा लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिच्यावर कृत्रिम गर्दी सोडून पाहतात. तिला भारचाचणी म्हणतात. जेमीटर, लोकस्ट, के-सिक्स यांसारखी साधने त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. साधन मिळविणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होय. कोणती गर्दी सोडावयाची हे ठरविणे अवघड आहे, आणि बहुतेक चाचण्या फसतात त्या येथेच.

पहिला हिशेब कागदावर करावा. समजा, १६ लाखांपैकी २ लाख विद्यार्थी चॅटबॉटकडे वळतील आणि त्यांतील निम्मे पहिल्या दहा मिनिटांत येतील. म्हणजे ६०० सेकंदांत १ लाख माणसे, अर्थात सेकंदाला सुमारे १६७. परंतु ही सरासरी झाली. एकच्या ठोक्याला येणारा लोंढा तिच्यापेक्षा मोठा असणार. तो तिप्पट धरला, तर सेकंदाला ५०० माणसे येतात. प्रत्येकाचे तीन संदेश धरले, तर सेकंदाला १,५०० संदेश होतात. हे आकडे अंदाजाचे आहेत. मागील वर्षाच्या नोंदी हाती असतील तर त्यांवरून ते दुरुस्त करावेत. मात्र चाचणीची मागणी याच भाषेत, म्हणजे सेकंदाला किती माणसे येतात या भाषेत लिहावी. "यंत्रणेने २ लाख विद्यार्थ्यांना सेवा द्यावी" असे निविदेत लिहिल्याने काहीच ठरत नाही. दिवसभरात २ लाख आणि दहा मिनिटांत २ लाख या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

एका वेळी किती माणसे यंत्रणेत असतील, हे यावरून काढता येते. सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, असा हा नियम असून जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली. संभाषणास सरासरी ४० सेकंद लागत असतील, तर ५०० गुणिले ४० म्हणजे २०,००० संभाषणे एकाच वेळी चालू राहतील. आता प्रत्येक उत्तरास दहा सेकंदांचा विलंब होऊ लागला असे समजू. तीन उत्तरांचे तीस सेकंद वाढले, संभाषण ७० सेकंदांचे झाले आणि चालू संभाषणे ३५,००० झाली. बाहेरून येणाऱ्यांची संख्या एकानेही वाढलेली नाही. यंत्रणा मंदावली एवढ्यानेच तिच्या दारातील गर्दी जवळजवळ दुप्पट झाली.

याच नियमाने आणखी एक निर्णय होतो. ठरलेल्या तक्त्यातून गुण काढून देण्यास ०.२ सेकंद लागत असेल, तर एका क्षणी १,५०० गुणिले ०.२, म्हणजे ३०० संदेश हाताळले जात असतात. तेच काम भाषा तयार करणाऱ्या मोठ्या प्रारूपाकडे दिले आणि प्रत्येक उत्तरास ४ सेकंद लागले, तर ही संख्या ६,००० होते. शिवाय अशा सेवांवर दर मिनिटाच्या वापराची मर्यादा असते, ती वेगळीच. म्हणून बैठक क्रमांक ओळखून थेट तक्त्याकडे जाणारी वाट स्वतंत्र ठेवावी. पुनर्मूल्यांकनाची मुदत किंवा अकरावीचा प्रवेश अशा मोकळ्या प्रश्नांसाठी प्रारूप वापरावे, आणि गर्दीच्या पहिल्या तासात तेही बंद करता येईल अशी सोय असावी. विद्यार्थ्याचे गुण हे वाक्यरचनेचे काम नव्हे.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. चाचणी घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ठरावीक संख्येची कल्पित माणसे, समजा १,०००, तयार करतात. प्रत्येक जण संदेश पाठवितो, उत्तराची वाट पाहतो, दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा संदेश पाठवितो. उत्तर अर्ध्या सेकंदात येत असताना या मंडळींकडून सेकंदाला सुमारे ९५ संदेश जातात. यंत्रणा अडखळून उत्तरास ३० सेकंद लागू लागले, की तीच मंडळी सेकंदाला केवळ २५ संदेश पाठवितात, कारण प्रत्येक जण उत्तरासाठी खोळंबलेला असतो. म्हणजे यंत्रणा दमली की चाचणीच तिला विश्रांती देते! खऱ्या निकालाच्या दिवशी असे सौजन्य कोणी दाखवीत नाही. आतल्यांचे काम अडले आहे हे बाहेरच्याला ठाऊक नसते. तो आपल्या वेळेला येतोच.

दुसऱ्या रीतीत माणसे घड्याळाप्रमाणे सोडतात. आधीच्यांना उत्तर मिळो वा न मिळो, सेकंदाला ५०० नवी माणसे येत राहतात. निकालाच्या चॅटबॉटसाठी हीच रीत योग्य होय.

दोन्ही रीतींच्या अहवालांत किती अंतर पडते, हे एका लहान उदाहरणावरून दिसेल. दर सेकंदाला एक संदेश, अशी दहा मिनिटांची चाचणी घेतली आणि मध्ये एक मिनिट यंत्रणा पूर्ण थांबली. उत्तर येईपर्यंत पुढचा संदेश न पाठविणाऱ्या चाचणीत ५४० संदेशांना तत्काळ उत्तर मिळते आणि एकाच संदेशाला ६० सेकंद लागतात. ५४१ पैकी एक! अहवालात "९९ टक्के संदेशांना तत्काळ उत्तर" असे लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते. घड्याळाप्रमाणे चालणारी चाचणी मात्र त्या मिनिटातही ६० माणसे पाठविते. त्यांतील पहिला ६० सेकंद थांबतो, दुसरा ५९, आणि याप्रमाणे शेवटचा एक सेकंद. म्हणजे ६०० पैकी ६० जण, शेकडा दहा, सरासरी अर्धा मिनिट ताटकळले. बिघाड तोच, पण एका अहवालाने तो झाकला आणि दुसऱ्याने दाखविला. ज्या अधिकाऱ्यापुढे असा अहवाल येईल, त्याने माणसे कोणत्या रीतीने सोडली हे प्रथम विचारावे, आकडे नंतर वाचावेत.

कल्पित माणूस खऱ्या माणसासारखा वागणेही आवश्यक असते. खरा माणूस पंधरा सेकंदांत उत्तर न आल्यास तोच क्रमांक पुन्हा पाठवितो. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. यंत्रणेची क्षमता सेकंदाला २,००० संदेशांची आहे आणि येणारे संदेश १,५०० आहेत, असे धरू. एक मिनिट यंत्रणा थांबली, तर ९०,००० संदेश तुंबतात. पुढे सेकंदाला ५०० संदेशांची शिल्लक क्षमता असल्याने ते तीन मिनिटांत निकाली निघावयास हवेत. परंतु ताटकळणारा प्रत्येक जण तोच संदेश दुसऱ्यांदा पाठवू लागला, तर येणारे संदेश सेकंदाला ३,००० होतात. २,००० ची क्षमता त्यापुढे अपुरी पडते आणि रांग कमी होण्याऐवजी वाढतच जाते. मूळ बिघाड एका मिनिटात दुरुस्त झाला तरी यंत्रणा सावरत नाही. लोक कंटाळून निघून जाईपर्यंत ती अडकून राहते. उपाय साधा आहे. एकाच मोबाइल क्रमांकावरून आलेला तोच प्रश्न रांगेत एकदाच मोजावा आणि "आपला बैठक क्रमांक मिळाला, पुन्हा पाठवू नये" असे उत्तर लगेच द्यावे. हे उत्तर देण्यास तक्ता पाहावा लागत नाही. चाचणीत यंत्रणा मुद्दाम एक मिनिट थांबवून ती किती वेळात पूर्वपदावर येते हे मोजावे. केवळ चालू स्थितीतील वेग मोजून भागत नाही.

वेगाइतकीच उत्तराची सत्यता तपासली पाहिजे. गर्दीत दोन संभाषणांची सरमिसळ होऊन एकाचे गुण दुसऱ्याला जाणे हा दोष दहा माणसांच्या चाचणीत दिसत नाही, हजारोंच्या चाचणीत दिसू शकतो. म्हणून प्रत्येक कल्पित बैठक क्रमांकास वेगळे गुण द्यावेत आणि आलेले प्रत्येक उत्तर मूळ तक्त्याशी ताडून पाहावे. लाखात एक चूक आढळली तरी चाचणी अनुत्तीर्ण समजावी, कारण ती चूक म्हणजे एखाद्या गावातील उत्तीर्ण मुलीला आलेला अनुत्तीर्ण असा संदेश होय.

नकाराचाही हिशेब वेगळा ठेवावा लागतो. एकाच पत्त्यावरून फार मागण्या आल्या की अनेक यंत्रणा `429` हा संकेत देऊन त्या परत पाठवितात. हा नकार क्षणार्धात मिळत असल्याने तो सरासरीत मिसळला, तर यंत्रणा फारच चपळ भासते. संकेतस्थळावर ठेवलेल्या चॅटबॉटच्या बाबतीत या मर्यादेला दुसरी बाजूही आहे. मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहक इंटरनेटवर एकाच पत्त्याने ओळखले जातात. गावच्या सेवा केंद्रात बसून साठ मुलांचे निकाल पाहणारे मुख्याध्यापकही एकाच जोडणीवर असतात. पत्त्यावर बसविलेली मर्यादा त्यांनाच प्रथम अडविते. तेव्हा मर्यादा बैठक क्रमांकावर किंवा संभाषणावर असावी, आणि चाचणीत एकाच पत्त्यावरून साठ क्रमांक मागणारे मुख्याध्यापकही असावेत.

चाचणी लोकांच्या वापरातील संदेशसेवेवर करू नये. ती सेवा दुसऱ्याची असते आणि सेकंदाला किती संदेश पाठविता येतील याचे तिचे स्वतःचे बंधन असते. ते बंधन १,००० चे असेल, तर १,५०० उत्तरे त्यातून जाणारच नाहीत, हे चाचणीशिवायही कळते. अशा वेळी बैठक क्रमांक आणि आईचे नाव एकाच संदेशात मागवून तीनाचे दोन संदेश करता येतात. चाचणीपुरती त्या सेवेच्या जागी तिची नक्कल बसवावी, आणि नक्कलही खऱ्या सेवेइतकीच संथ असावी. कृत्रिम गर्दी सोडणारा संगणक स्वतःच थकला तरी उत्तरे उशिरा आल्यासारखी दिसतात. म्हणून त्याच्या कामाचा भारही नोंदवावा.

गर्दी वाढली की नवे संगणक आपोआप जोडले जातात, असे आश्वासन पुष्कळदा देण्यात येते. त्यांना सज्ज होण्यास मिनिटे लागतात, लोंढा मात्र सेकंदांत येतो. त्यामुळे चाचणीत पाच मिनिटे तुरळक वर्दळ ठेवून नंतर दहा सेकंदांत ५०० ची गती गाठावी आणि ती वीस मिनिटे टिकवावी. हळूहळू चढविलेला भार हे दुखणे दाखवीत नाही. आवश्यक तेवढे संगणक निकालाच्या दिवशी दुपारी बारापूर्वीच चालू असावेत. चाचणीसाठी घातलेले कल्पित बैठक क्रमांकही तोपर्यंत तक्त्यातून काढून टाकलेले असावेत.