नवा शब्द उत्तरात नको, कोड्यात हवा

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी डोंबिवलीत इंग्रजी शाळेत जाते. कोडी तिला फार आवडतात. त्यांतून मराठी शब्द कसे वाढवावेत?

उत्तर : उत्तर तिच्या ओळखीचं ठेवा आणि नवा शब्द कोड्याच्या ओळीत घाला. नवा शब्दच उत्तर असला तर तो तिला सुचणारच नाही. कोड्याची परीक्षा होते. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो तिने पाहिले असतील, निदान चित्रात. मग हे घाला :

गुलाबी अंग, लांब लांब पाय,
ओहोटीच्या चिखलात शोधतो काय?

रंग आणि पाय यांवरून ती पक्षी ओळखेल. ‘ओहोटी’चा अर्थ आधी सांगू नका. उत्तर आल्यावर विचारा, ‘खाडीत एवढा चिखल कधी दिसतो गं?’ ‘पाणी गेल्यावर,’ असं ती म्हणाली की अर्थ तिनेच काढला. पक्ष्याचं मराठी नाव, रोहित, तेव्हा सहज सांगून टाका.

एकदा ऐकलेला शब्द टिकत नाही. दोन दिवसांनी तोच शब्द दुसऱ्या कोड्यात आणा :

ओहोटीला चिखलात बसते,
भरतीला पाण्यावर डुलते.

होडी! इथे ‘भरती’ उलट अर्थावरून कळते, म्हणून चालते. एरवी एका कोड्यात एकच नवा शब्द पुरे. मुलगी भलतीच उत्तरं भराभर फेकू लागली, तर अनोळखी शब्द जास्त झालेत असं समजा आणि एक ओळखीची खूण वाढवा. द्व्यर्थी किंवा कुणाच्या रूपाला हसणारी जुनी कोडी मात्र वगळाच. तिने ‘ओहोटी’ घालून स्वतःचं कोडं रचलं, की शब्द तिचा झाला.