चौदा, पंधरा की सोळा इंच?

प्रश्न : लॅपटॉप बहुतेक वेळ घरच्या टेबलावरच असतो, महिन्यातून एकदा प्रवास होतो. कोणता आकार घ्यावा?

उत्तर : इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, त्यामुळे नुसता आकडा फसवतो. १५.६ इंची पडदा बहुधा १६:९ प्रमाणाचा आणि १६ इंची १६:१० चा असतो. दोघांची रुंदी जवळपास सारखीच, साडेचौतीस सेंटिमीटर. पण सोळा इंची दोन सेंटिमीटर उंच. म्हणजे एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात.

टेबलावर वेगळा मॉनिटर असेल, तर सुमारे दीड किलोचा चौदा इंची घ्या. मॉनिटर नसेल, तर सोळा इंची. महिन्यातून एकदा जास्तीचा अर्धा किलो खांद्याला जड नाही. सॅकचा कप्पा मात्र आधी मोजा.