दोन नळ, दोन मनोरे : नियंत्रण-लूपांची परस्पर-गुंतागुंत कशी ओळखावी?

वसतिगृहाच्या न्हाणीघरातील एक साधी गोष्ट आपण सर्वांनी अनुभवली आहे. पाणी कोमट वाटले म्हणून गरम पाण्याचा नळ थोडा अधिक उघडावा, तर पाणी गरम होतेच, पण धारही वाढते. धार कमी करावी म्हणून थंड पाण्याचा नळ आवळावा, तर पाणी अंग भाजण्याइतके तापते. दोन नळ आणि दोन इच्छा. परंतु एकही नळ एकाच इच्छेपुरता वागत नाही. कारखान्यातील ज्या प्रक्रियेत अनेक झडपा अनेक राशींवर एकाच वेळी परिणाम करतात, तेथेही हाच पेच असतो. एक नियंत्रक एक राशी सांभाळण्यासाठी एक झडप फिरवतो, त्याला नियंत्रण-लूप म्हणतात. असे दोन लूप एकमेकांच्या कामात किती ढवळाढवळ करतील, हे यंत्रणा सुरू करण्यापूर्वीच अजमावण्याच्या दोन कसोट्या आहेत : कर्णप्राबल्य आणि कंडिशन नंबर. या दोन कसोट्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एकीचे उत्तर दुसरीचे समजले, तर फसगत होते.

प्रथम नळांचे गणित मांडू. गरम पाणी ६० अंश, थंड पाणी २० अंश आणि दोन्ही नळांतून मिनिटाला ५ लिटर पाणी येते असे समजा. मिश्रण १० लिटर आणि ४० अंशांचे होईल. आता गरम नळ मिनिटाला एक लिटर या दराने वाढवला, तर तापमान सुमारे २ अंशांनी आणि धार १ लिटरने वाढेल. थंड नळ तेवढाच वाढवला, तर तापमान सुमारे २ अंशांनी घटेल आणि धार १ लिटरने वाढेल. सर्व काही स्थिरावल्यानंतरच्या या चार आकड्यांचा चौकोन म्हणजेच स्थिर अवस्थेतील गेन मॅट्रिक्स :

तापमान : गरम नळाने २, थंड नळाने −२
धार : गरम नळाने १, थंड नळाने १

तापमान गरम नळाकडे आणि धार थंड नळाकडे सोपवली, तर २ आणि १ हे कर्णावरील आकडे होतात. प्रत्येक ओळीत कर्णावरील आकडा, चिन्ह बाजूला ठेवून, उरलेल्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तर मॅट्रिक्स कर्णप्रबळ आहे असे म्हणतात. त्याचा अर्थ, प्रत्येक राशीवर तिच्या स्वतःच्या झडपेची हुकमत परक्या झडपेपेक्षा जास्त आहे. आपल्या नळांत २ समोर २ आणि १ समोर १ आहे. कर्णाचे प्राबल्य मुळीच नाही. न्हाणीघरातील त्रासाचे कारण हेच आहे.

कंडिशन नंबरचा प्रश्न निराळा आहे. झडपा सारख्याच प्रमाणात, पण वेगवेगळ्या दिशांनी हलवल्या, तर सर्वांत मोठा प्रतिसाद सर्वांत लहान प्रतिसादाच्या किती पट असतो? दोन्ही नळ एकेक लिटरने वाढवले, तर तापमान बदलत नाही आणि धार २ ने वाढते. एक वाढवून दुसरा तेवढाच घटवला, तर धार तशीच राहते आणि तापमान ४ ने बदलते. ४ भागिले २, म्हणजे कंडिशन नंबर केवळ २. लूप गुंतलेले आहेत, पण प्रक्रिया कोणत्याही दिशेने अडून बसलेली नाही. दोन्ही नळ मिळून हाताळणाऱ्या माणसाला ती सहज वश होते.

आता दुसरे उदाहरण पाहू. १९८८ साली स्कोगेस्टॅड, मोरारी आणि डॉयल यांनी अतिशुद्ध ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याचे एक प्रतिमान अभ्यासले. नियंत्रणशास्त्राच्या वर्गात ते आजही शिकवले जाते. मनोऱ्यात वरच्या व खालच्या उत्पादनाचे घटकप्रमाण सांभाळायचे असते. हाती दोन साधने असतात : वरून परत सोडला जाणारा द्रव, म्हणजे रिफ्लक्स, आणि खालून उकळवून वर पाठवली जाणारी वाफ. गेन असे आहेत :

वरचे प्रमाण : रिफ्लक्सने ०.८७८, वाफेने −०.८६४
खालचे प्रमाण : रिफ्लक्सने १.०८२, वाफेने −१.०९६

दोन्ही ओळींत कर्णावरचा आकडा मोठा आहे. केसभरच का होईना, कसोटी उतरली. (स्तंभांनुसार तपासले तर पहिल्या स्तंभात ०.८७८ हा १.०८२ पेक्षा लहान आहे, हीच पहिली धोक्याची खूण.) आता दिशा तपासू. रिफ्लक्स वाढवून वाफ तेवढीच घटवली, तर वरचे प्रमाण १.७४२ ने आणि खालचे २.१७८ ने बदलते. दोन्ही एकेक एककाने वाढवली, तर वरचे केवळ ०.०१४ ने वाढते आणि खालचे ०.०१४ ने घटते. नेमका कंडिशन नंबर सुमारे १४२ येतो.

दुर्दैव असे की, दोन्ही टोकांची उत्पादने एकाच वेळी अधिक शुद्ध करण्याचा मार्ग याच दुबळ्या दिशेने जातो. समजा, नियंत्रकाने दोन्ही साधने एकेक एककाने वाढवण्याचा आदेश दिला. पण झडपांत दहा टक्क्यांची चूक असल्याने रिफ्लक्स १.१ ने आणि वाफ ०.९ ने वाढली. वरचे प्रमाण ०.०१४ ऐवजी ०.१८८ ने वाढेल. खालचे ०.०१४ ने घटण्याऐवजी ०.२०४ ने वाढेल, म्हणजे खालचे उत्पादन शुद्ध होण्याऐवजी बिघडेल. म्हणूनच मॅट्रिक्स उलटवून दोन लूप गणिताने सुटे करण्याची युक्ती कागदावर निर्दोष दिसते आणि अशा मनोऱ्यावर कोसळते.

तरीही कंडिशन नंबरवर डोळे झाकून विसंबता येत नाही. न्हाणीघरातील धार लिटरऐवजी मिलिलिटरमध्ये मोजली, तर दुसऱ्या ओळीत १००० आणि १००० येतात आणि कंडिशन नंबर २ वरून ५०० वर जातो. नळ तेच, पाणीही तेच! कर्णप्राबल्यही झडपांच्या एककांनुसार बदलते. यास्तव आधी प्रत्येक राशीला तिच्या मान्य चढउताराने आणि प्रत्येक झडपेला तिच्या उपलब्ध आवाक्याने भागावे, मगच कसोटी लावावी. एकके कितीही अनुकूल निवडली तरी मनोऱ्याचा कंडिशन नंबर १३८ च्या खाली जात नाही. नळांचा मात्र १ पर्यंत खाली येतो. मनोऱ्याचा दोष त्याच्या स्वभावातच आहे, तो असा उघड होतो.

एककांनी न बदलणारे मापही आहे. ब्रिस्टल यांनी १९६६ मध्ये सुचवलेले सापेक्ष गेन ते हेच. दुसरा लूप बंद असताना मिळणाऱ्या गेनला, तो चालू असताना मिळणाऱ्या गेनने भागायचे. न्हाणीघरात गरम नळाने तापमान २ ने वाढते. धार सांभाळणाऱ्याने थंड नळ एक लिटरने आवळला, की आणखी २ ने वाढते. २ भागिले ४, म्हणजे अर्धा. मनोऱ्यात रिफ्लक्सचा गेन ०.८७८ आहे, खालच्या लूपने वाफ वाढवून आपले प्रमाण पूर्ववत केले, की ०.०२५ एवढाच उरतो. गुणोत्तर सुमारे ३५. हे मूल्य १ च्या जवळ असेल तर लूप एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र असतात. ते खूप मोठे असेल, तर एकेकटा नीट बसवलेला लूप दुसरा सुरू होताच जवळपास निष्प्रभ होतो.

हे सारे आकडे प्रक्रिया स्थिरावल्यानंतरचे आहेत. कोणता परिणाम आधी पोहोचतो आणि कोणता उशिरा, हे त्यांत दिसत नाही. त्यासाठी काळानुसार होणारे बदल वेगळे तपासावे लागतात. तोपर्यंत क्रम असा ठेवावा : आधी एकके योग्य करावीत, मग कर्णप्राबल्यावरून कोण कोणाच्या कामात किती शिरते ते पाहावे आणि शेवटी कंडिशन नंबरवरून प्रक्रिया कोणत्या दिशेने अडते ते पाहावे. नळांनी पहिल्या कसोटीत नापास होऊनही दुसरीत बाजी मारली. मनोरा पहिलीत उत्तीर्ण होऊनही दुसरीत अडकला.