अर्जातला फोटो आणि उजव्या गालावरचा तीळ

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. 2920 मेगावॅटच्या या केंद्रामुळे इथल्या घराघरांत नोकरी म्हणजे आयटीआय, अप्रेंटिस आणि मग महानिर्मिती, महावितरण, वेकोलि यांच्या जाहिरातींची वाट पाहणं. त्यात पोलीस भरती आणि वनरक्षकाची भरती आलीच. जाहिरात निघाली की माझ्या स्टुडिओत गर्दी होते. खुर्चीत बसताबसताच पोरं सांगतात, ''काका, फोटो थोडा गोरा करून द्या ना जी.'' मी ते करून देत नाही. का देत नाही, ते एका मुलाच्या फाइलवरून सांगतो, कारण त्याच्या फोटोत जे जे बिघडलं होतं ते कुणाच्याही फोटोत बिघडू शकतं, आणि त्यातलं बरंचसं त्याला न कळता झालं होतं.

मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. अर्ज ऑनलाइन भरलेला. परीक्षा केंद्रावर हॉल तिकीट आणि आधार कार्ड शेजारी ठेवून पर्यवेक्षक एकदा कागदाकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या उजव्या गालावर डाळीएवढा तीळ आहे. हॉल तिकिटावर तो डाव्या गालावर होता, तोही पुसट. चेहरा रुंद, कातडी मेणासारखी गुळगुळीत. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणाऱ्या डमी उमेदवारांची प्रकरणं इतकी झाली आहेत की पर्यवेक्षकांचं तरी काय चुकलं? त्याला बाजूला बसवलं, हमीपत्र लिहून घेतलं, अंगठा घेतला, पुन्हा फोटो काढला. बाकीचे संगणकासमोर स्थिरावल्यावर हा आत गेला. तो सांगत होता, पेपरातले पहिले प्रश्न वाचले पण डोक्यात शिरलेच नाहीत. कागदपत्र पडताळणीच्या वेळी तरी असं नको म्हणून तो माझ्याकडे आला, आणि मी ती फाइल पडद्यावर मोठी करून बघितली.

पहिली गोष्ट तिळाची. फोटो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढला होता. सेल्फी घेताना पडद्यावर आपण आरशात दिसतो तसे दिसतो, आणि काही फोन तीच उलटी प्रतिमा जतन करतात. त्यामुळे उजवीकडचा तीळ डावीकडे जातो, भांग उलटा पडतो. ओळखायची खूण शर्टावर असते. पुरुषांच्या शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे फोटो बघणाऱ्याला तो उजव्या हाताला दिसायला हवा. या फोटोत तो डाव्या हाताला होता. खिसा नसेल तर टी-शर्टावरची अक्षरं बघा. फोटो उलटा असेल तर तो आडवा पालटून सरळ करणं ही प्रामाणिक दुरुस्तीच आहे, कारण त्यानं चेहरा खऱ्यासारखा होतो. आपल्याकडे कितीतरी अर्जांत आणि वैद्यकीय तपासणीच्या कागदांवर शरीरावरची ओळखखूण लिहून घेतात. तिथे 'उजव्या गालावर तीळ' लिहिलेलं आणि फोटोत तो डावीकडे, असं झालं तर समजावत बसायची पाळी आपल्यावर येते.

गुळगुळीत कातडीचं कारणही फोनच होता. त्यातला ब्युटी मोड आधीपासून चालू होता आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता. तो मोड कातडीचा पोत पुसतो, तीळ आणि व्रण फिके करतो, काही फोनांत डोळे मोठे आणि हनुवटी निमुळती करतो. शंका आली तर फोटो मोठा करून कपाळ आणि भुवया बघायच्या. भुवयांचे केस सुटे दिसत नसतील आणि कपाळावर एकही छिद्र नसेल, तर तो फोटो फेकायचा. पुसलेला पोत परत आणता येत नाही.

चेहरा रुंद झाला तो मात्र कॉम्प्युटरच्या दुकानात, आणि ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहतो. नेहमीचा पासपोर्ट फोटो 35 मिलिमीटर रुंद आणि 45 मिलिमीटर उंच असतो. आयबीपीएसच्या पद्धतीच्या अर्जात फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबीचा मागतात. वरवर दोन्ही आकार सारखे वाटतात, पण नाहीत. 35 बाय 45 चा फोटो 200 पिक्सेल रुंद केला तर तो 257 पिक्सेल उंच व्हायला हवा. दुकानदारानं दोन चौकटींत 200 आणि 230 हे आकडे टाकले आणि बटण दाबलं. 257 ची उंची 230 मध्ये दाबली गेली, म्हणजे उंचीच्या मानानं चेहरा सुमारे 12 टक्के फुगला. मुलाला कुणीतरी विचारलंही म्हणे, ''तेव्हा जाड होतास का रे?''

असा फोटो दाबायचा नाही, कापायचा. कापण्याच्या साधनात आधी 20:23 हे प्रमाण पक्कं करायचं, मूळ फोटोतून त्या प्रमाणात चेहरा आणि खांदे घ्यायचे, आणि मग आकार 200 बाय 230 करायचा. मूळ फोटो हाताशी नसेल आणि 35 बाय 45 चाच असेल, तर तो 200 बाय 257 करून खालचा शर्टाकडचा 27 पिक्सेलचा पट्टा कापायचा. डोक्यावरची मोकळी जागा शाबूत राहते आणि चेहरा तसाच राहतो. फाइल 50 केबीच्या वर गेली तर जेपीजीची गुणवत्ता थोडी उतरवायची, 20 च्या खाली गेली तर चढवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत वापरू नका, ती आधीच आकसलेली असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. आकडे प्रत्येक जाहिरातीत वेगळे असू शकतात, तेवढे मात्र तिथूनच घ्यायचे.

आता रंगाचं. या पोरांचा हट्ट मला समजतो. मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर जातो, आणि भरतीची तयारी करणारी मुलंमुली त्याच उन्हाळ्यात मैदानावर धावत असतात. चेहरा रापतो. वर घरातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला की तो आणखी काळवंडून येतो आणि भिंतीच्या हिरवट डिस्टेंपरची झाक गालावर उतरते. यातली झाक आणि अंधार हा उजेडाचा दोष आहे, तो काढणं योग्यच. रापलेला रंग हा चेहऱ्याचा आहे, त्याला हात लावायचा नाही. या दोहोंत सीमा कुठे, हे नजरेवर सोडलं तर आपण हमखास पलीकडे जातो. म्हणून मी फोटोआधी उमेदवाराच्या हनुवटीखाली एक कोरा पांढरा कागद धरून एक जादा फोटो काढतो. संगणकावर तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंगांचा समतोल आणि उजेड दुरुस्त करतो, तेच आकडे खऱ्या फोटोला लावतो आणि थांबतो. त्या मुलाचा नवा फोटोही तसाच काढला. हिरवट झाक गेली, डोळ्यांखालचा अंधार गेला, आणि चेहरा गव्हाळ, उन्हानं तांबूस झालेला असा त्याचा स्वतःचा उरला. कागद पांढरा झाल्यावरही कुणी 'अजून थोडा' म्हणालं, तर ते मागणं उजेडाचं राहिलेलं नसतं.

मुरूम काढावा का, असं मुली बहुधा विचारतात. खासगी कंपनीच्या बायोडेटासाठी मी एखादा ताजा मुरूम पुसतो, कारण तो आठवड्यात जाणारच असतो. तीळ, व्रण, कांजिण्यांचे वण, कापल्याची खूण कधीच पुसत नाही. सरकारी भरतीच्या फोटोत मुरूमही ठेवतो. तिथे समोर बसलेला माणूस चेहऱ्याचं सौंदर्य बघत नाही, जुळणी बघतो.

कोट चिकटवण्याची एक रीत गावोगावच्या स्टुडिओंत आहे. तयार कोट-टायच्या चित्रावर उमेदवाराचं डोकं बसवायचं. त्यात मान कापली जाते, खांदे दुसऱ्याचे येतात, आणि चेहऱ्याचं प्रमाण बिघडतं. मुलाखत कोटातच द्यायची असेल तर भावाचा, मामाचा खरा कोट घालून या. नाहीतर कॉलरचा, इस्त्री केलेला, गडद रंगाचा शर्ट पुरे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा शर्ट नको, खांद्यांची कड हरवते.

पार्श्वभूमी संगणकावर बदलणंही मी टाळतो. ती बदलण्यात खोटं काही नाही, पण साधन कापताना कानाची पाळी आणि केसांची कड खातं, आणि चेहरा कातरलेला दिसतो. त्यापेक्षा खरीच पांढरी चादर टांगा. खिडकीसमोर तोंड करून उभं राहायचं, वेळ सकाळची, ऊन थेट अंगावर नको. चादरीपासून हातभर पुढे उभे राहिलात तर सावली मागे पडत नाही. फोटो दुसऱ्यानं काढायचा, मागच्या कॅमेऱ्यानं, डोळ्यांच्या उंचीवरून, पाच-सहा फुटांवरून, थोडा झूम करून. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे सरकलेले येतात, ते नंतर कशानंच नीट होत नाही. घाम आधी रुमालानं टिपा, म्हणजे कपाळावरची चमक संगणकावर पुसावी लागणार नाही.

चष्म्याबद्दल जाहिरात वाचूनच ठरवा. काही ठिकाणी चष्मा काढूनच फोटो मागतात, काही ठिकाणी डोळे स्पष्ट दिसत असले आणि काचेवर चमक नसली तर चालतो. चमक येत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि चमक जाते. घातलेला चष्मा संगणकावर पुसू नका, डोळ्यांभोवतीचा भाग त्यात रंगवावा लागतो.

स्टाफ सिलेक्शन कमिशननं 2024 पासून अर्ज भरतानाच लाइव्ह फोटो घ्यायला सुरुवात केली. तिथे दुरुस्तीला वावच नाही, वर सांगितलेला उजेड आणि भिंत एवढंच आपल्या हातात. ज्या अर्जात फोटो अपलोड करता येतो, तिथे त्याच फोटोच्या प्रिंट काढून ठेवा, कारण हॉल तिकिटापासून पडताळणीपर्यंत तोच लागतो. भरती पूर्ण होईपर्यंत दाढी-मिशी आणि केसांची ठेवण फोटोतल्यासारखीच ठेवा. मूळ, न कापलेली फाइल तारीख टाकून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. त्या मुलानं पडताळणीला जाताना जुना फोटो, मी काढलेला नवा आणि त्याची मूळ फाइल, असं तिन्ही सोबत नेलं. आधारवरचा तीळ आणि नव्या फोटोतला तीळ एकाच गालावर होता, आणि अधिकाऱ्यांनी सही करून त्याला पुढच्या टेबलावर पाठवलं.