स्लॅबची तारीख पुढे गेली

समजा, म्हसा येथे वाचनालयाची एक खोली बांधायची आहे. स्लॅब २७ डिसेंबर २०२५ रोजी टाकायचा ठरले होते. २० तारखेला दुकानदाराचा फोन येतो, "२२ ला यायची सळई २९ ला येईल." आता चिटणिसाने कामावरच्या मंडळींना मेल लिहायचा आहे.

लिहिण्याआधी कागदावर हिशेब करावा. सळई सात दिवस उशिरा, म्हणून स्लॅबही सात दिवस पुढे, असे आपण धरून चालतो. पण सात दिवस मिळवले की ३ जानेवारी येते. त्या दिवशी पौष पौर्णिमा, म्हणजे आपल्या गावची यात्रा! माणसे कामावर कुठून येणार? खडीची गाडी गर्दीतून कशी शिरणार? पुढे १४ ला संक्रांत. शिवाय सेंट्रिंगच्या फळ्या भाड्याच्या. त्या आधीच लावल्या तर रिकाम्या उभ्या राहून भाडे चढते. म्हणून स्लॅब सरळ १९ जानेवारीला धरावा आणि सेंट्रिंगही मागे न्यावे. मग मेल असा:

विषय: स्लॅब २७ डिसेंबरऐवजी १९ जानेवारीला

सर्वांना नमस्कार.
सळई २२ ऐवजी २९ डिसेंबरला येणार आहे. मध्ये यात्रा व संक्रांत आहे. म्हणून नवे दिवस असे:
सेंट्रिंग: १२ व १३ जानेवारी.
सळई बांधणे: १५ ते १७ जानेवारी.
वायरमनचे पाइप: १७ जानेवारी, सळई बांधून होताच.
स्लॅब: सोमवार, १९ जानेवारी.
टाकीचे खोदकाम २२ डिसेंबरलाच सुरू होईल.
सळई पोचली की नाही, ते २९ ला संध्याकाळी सहा वाजता कळवीन. हे दिवस जमतात का, ते २३ डिसेंबरपर्यंत कळवावे. आधीच्या तारखा रद्द समजाव्यात.
चिटणीस

यात दुकानदाराला बोल लावलेला नाही. त्याने सळई लवकर येत नाही, आणि भांडण मात्र गावभर होते. कारण एका ओळीत सांगितले, पुरे झाले.

२९ ही तारीख फोनवरची आहे. गाडी दारात येईपर्यंत ती पक्की धरू नये. पण सळई लागणार १५ जानेवारीला. ती आणखी दहा-बारा दिवस रेंगाळली तरी स्लॅब हलत नाही, म्हणून घाबरून लिहिण्याचे कारण नाही.

काही जण स्लॅबवर पाणी मारण्याचे दिवस कापून उशीर भरून काढू पाहतात. तसे करू नये. राख मिसळलेले सिमेंट असेल तर निदान दहा दिवस स्लॅब ओला हवाच, नाहीतर तडे जातात.

आणि मिस्त्री मेल उघडतोच असे नाही. त्याला फोन करून मेल वाचून दाखवावा, मग विचारावे, "दादा, स्लॅब कधी?" तो "यात्रेआधी ना?" म्हणाला, तर पुन्हा वाचावा.