माझं मत गेलं कुठे?

प्रश्न: आमच्या बिल्डरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे. मी फ्लॅटसाठी ४० लाख रुपये भरले आहेत. कर्जदात्यांच्या समितीच्या गेल्या बैठकीनंतर मी दोन्ही ठरावांच्या विरोधात ऑनलाइन मत दिलं. निकालाच्या कागदात मात्र 'गृहखरेदीदार : ५५ टक्के, बाजूने' असं छापलंय. शिवाय दोन्ही ठरावांना ६४ टक्के मतं मिळाली, तरी एक मंजूर आणि दुसरा नामंजूर. हे कसं? आणि मुळात माझ्या नावापुढे मतांचा वाटा ०.११२ टक्के, तो कुठून आला?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचं त्याच्यावर उभं आहे.

समितीत माणशी एक मत नसतं. ज्याचं जेवढं आर्थिक कर्ज मान्य झालं, तेवढा त्याचा वाटा. २०१८ पासून घर घेणाऱ्यांनी भरलेले पैसेही आर्थिक कर्जात मोडतात. मतांचा वाटा काढताना त्यावर वर्षाला ८ टक्के व्याज धरतात, करारात वेगळा दर ठरला असेल तर तो. तुमचे पैसे प्रक्रिया सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी भरलेले असावेत. सरळ व्याज १६ लाख झालं आणि दावा ५६ लाखांचा ठरला. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात मतहक्क असलेलं एकूण कर्ज ५०० कोटी आहे: बँक १८० कोटी, एक वित्तसंस्था ४५ कोटी आणि सगळे गृहखरेदीदार मिळून २७५ कोटी. ५०० कोटींत ५६ लाख म्हणजे बरोबर ०.११२ टक्के.

त्याच तक्त्यात तळाशी एक ओळ आहे, ती पुन्हा पाहा. एका कंपनीचा ३० कोटींचा दावा मान्य आहे, पण मतहक्काच्या रकान्यात शून्य. ती संचालकांशी संबंधित कंपनी आहे. कायदा अशा संबंधितांना पैसे मागू देतो, मत देऊ देत नाही. त्यामुळे मान्य दाव्यांची बेरीज ५३० कोटी येते आणि टक्के मात्र ५०० कोटींवर काढलेले असतात. बेरीज जुळत नाही म्हणून अनेकांना शंका येते. इथे शंकेचं कारण नाही. उलट अशी कंपनी मतहक्कासह यादीत दिसली, तर तातडीनं लेखी हरकत घ्यायला हवी.

आता तुमचं मत. तुमच्यासारखे शेकडो खरेदीदार बैठकीत स्वतः बसत नाहीत, त्यांच्या वतीनं अधिकृत प्रतिनिधी बसतो. पूर्वी त्याला ज्याचं त्याचं मत वेगळं नोंदवावं लागे. नोएडाच्या जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात त्यातली अडचण उघडी पडली. हजारो खरेदीदारांपैकी अनेकांनी मतच दिलं नाही आणि न दिलेलं मत ठराव पाडायला पुरेसं ठरू लागलं, कारण टक्केवारी एकूण मतहक्कावर मोजली जाते. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये कायदा बदलला. आता मत देणाऱ्या खरेदीदारांचा जेवढा वाटा आहे, त्यातल्या निम्म्याहून जास्त वाट्याचा कौल जिकडे, तिकडे प्रतिनिधी संपूर्ण वर्गाचं मत टाकतो.

तुमच्या बैठकीत वर्गाच्या ५५ टक्क्यांपैकी ३० टक्के वाट्याच्या लोकांनी मत दिलं. १८ बाजूने, १२ विरोधात, आणि तुम्ही त्या १२ मध्ये. ३० चे निम्मे १५, आणि १८ त्याहून जास्त. त्यामुळे विरोध करणारे आणि घरी बसलेले असे सगळे धरून पूर्ण ५५ टक्के बाजूने गेले. तुमचं मत हरवलं नाही. ते वर्गाच्या आतल्या मोजणीत धरलं गेलं आणि तिथे कमी पडलं. १८ टक्क्यांचा कौल ५५ टक्क्यांचं वजन घेऊन बाहेर पडतो ही गोष्ट बोचते, हे मला मान्य आहे. पण पूर्वीच्या पद्धतीत गैरहजर माणूस सगळ्यांची घरं अडवून धरत असे, आणि मला ते जास्त वाईट वाटतं. सर्वोच्च न्यायालयानंही मार्च २०२१ मध्ये जेपीच्याच प्रकरणात सांगितलं की वर्गानं योजनेच्या बाजूने कौल दिल्यावर त्यातल्या एकट्यादुकट्याला 'विरोधी कर्जदाता' म्हणून वेगळी दाद मागता येत नाही.

दोन ठरावांचं कोडं यापेक्षा सोपं आहे. खरेदीदार ५५ आणि वित्तसंस्था ९ अशी ६४ टक्के मतं बाजूने पडली, बँकेची ३६ विरोधात. पहिला ठराव व्यवहारांच्या तपासणीसाठी लेखापरीक्षक नेमण्याचा होता. अशा रोजच्या कामांना ५१ टक्के पुरतात, तो मंजूर झाला. दुसरा १८० दिवसांची मुदत वाढवून मागण्याचा. त्याला ६६ टक्के लागतात, तो दोन टक्क्यांनी पडला. रिझॉल्यूशन प्रोफेशनल बदलणं, मधल्या काळासाठी नवं कर्ज उभारणं, पुनरुज्जीवनाची योजना मंजूर करणं यांनाही ६६ टक्केच लागतात. म्हणजे ३६ टक्के असलेली बँक एकटी यातलं काहीही रोखू शकते. तुमच्या समितीचं सगळं राजकारण या एका आकड्यात आहे.

तुम्ही विरोध का केलात, हे पत्रात लिहिलेलं नाही. पण मुदतवाढ पडण्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ठरलेल्या मुदतीत योजना मंजूर झाली नाही, तर कंपनी अवसायनात निघते. मालमत्ता विकून पैसे वाटले जातात आणि अर्धवट इमारती पुऱ्या होण्याची आशा फार कमी उरते. तारणावर कर्ज दिलेल्या बँकेला तो मार्ग परवडू शकतो, ताबा हवा असलेल्याला क्वचितच. मूळ मुदत संपण्याआधी तोच ठराव पुन्हा मताला टाकता येतो.

बैठकीचं इतिवृत्त आणि मतदानाचा निकाल हे दोन निराळे कागद असतात. इतिवृत्त बैठकीनंतर ४८ तासांत येतं. सगळे सभासद हजर नसतील तर त्यानंतर ऑनलाइन मतदान किमान २४ तास आणि जास्तीत जास्त सात दिवस खुलं राहतं, आणि मतदान संपल्यावर २४ तासांत निकाल कळवतात. प्रतिनिधीनं तुमच्यासाठी उघडलेली खिडकी मात्र फक्त १२ तासांची असू शकते. ईमेल रोज पाहा.

दाव्यांची चर्चा इतिवृत्तात असली तरी समिती दाव्यांवर मतदान करत नाही. तपासणीचं काम रिझॉल्यूशन प्रोफेशनलचं, आणि त्याचा आकडा पटला नाही तर दाद एनसीएलटीकडे. तुमच्या शेजाऱ्यांचा दावा 'पडताळणीत' असा लिहिला आहे. त्यांना करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बँकेचा उतारा लगेच पाठवायला सांगा. दावा नंतर मान्य झाला तर पुढच्या बैठकीपासून त्यांना मतांचा वाटा मिळेल आणि तुमचा किंचित कमी होईल. आधी झालेले ठराव मात्र त्यामुळे बदलत नाहीत.

एका प्रसंगी तुमचे ०.११२ टक्के जसेच्या तसे मोजले जातात. बिल्डर तडजोड करून प्रकरण मागे घेण्याचा प्रस्ताव आणेल, तेव्हा ९० टक्के मतं लागतात, आणि प्रतिनिधीला प्रत्येक खरेदीदाराचं मत त्याच्या सांगण्यानुसार वेगळं नोंदवावं लागतं. तिथे वर्गाचा कौल चालत नाही, आणि मत न देणारा प्रत्येक जण प्रस्ताव पडायला हातभार लावतो. तसा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला, तर खिडकी बंद होण्याआधी सूचना नोंदवा आणि पोच जपून ठेवा.